डोव्हरच्या सामुद्रधुनीतल्या लेन: आत कसं शिरायचं, कसं ओलांडायचं, बाहेर कसं पडायचं

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत जहाजांसाठी दोन एकेरी लेन आखल्या आहेत. नैऋत्येला जाणारी जहाजं इंग्लंडच्या बाजूने जातात आणि ईशान्येला जाणारी फ्रान्सच्या बाजूने. मधला पट्टा मोकळा ठेवायचा असतो. कशासाठी अर्ज किंवा फी नाही, नियम मात्र आहे: टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला दहावा.

लेनमध्ये शक्यतो तिच्या टोकाकडूनच शिरायचं आणि टोकाकडूनच बाहेर पडायचं. बाजूने शिरावं किंवा निघावं लागलं, तर वाहतुकीच्या दिशेशी होईल तितका लहान कोन ठेवायचा, जसे आपण हायवेला सर्व्हिस रोडवरून मिसळतो.

ओलांडताना नेमकं उलट, म्हणजे शक्य तितकं काटकोनात. इथे नवे अधिकारी हमखास चुकतात. काटकोन जहाजाच्या तोंडाचा हवा, पाण्यावरच्या प्रत्यक्ष मार्गाचा नव्हे. समजा, लेन ५ सागरी मैल रुंद आहे, जहाजाचा वेग १२ नॉट, म्हणजे ताशी १२ सागरी मैल, आणि प्रवाह लेनच्या दिशेने ३ नॉटचा. तोंड काटकोनात ठेवलं तर २५ मिनिटांत पार होतं आणि सव्वा मैल वाहून जातं. वाहू द्यावं. मार्ग सरळ ठेवण्यासाठी तोंड प्रवाहाविरुद्ध साधारण १४ अंश वळवलं, तर वेळही थोडा जास्त लागतो आणि लेनमधल्या जहाजाला आपली नेमकी बाजू दिसत नाही. रात्री तर ओलांडणारा कोण आणि तिरका घुसणारा कोण, हे त्याला दिव्यांवरूनच ओळखायचं असतं.

लेनमध्ये असलो म्हणून आपला हक्क पहिला, हाही गैरसमजच. डोव्हरहून कॅलेला निघालेली फेरी पाहा. पहिल्या लेनमधली जहाजं तिच्या डावीकडून येतात. त्यांच्या दृष्टीने फेरी उजवीकडे असते, त्यामुळे धडकेचा धोका असेल तर वाट त्यांनी द्यायची. दुसऱ्या लेनमध्ये जहाजं फेरीच्या उजवीकडून येतात, तिथे वाट फेरी देते. काही मैलांत भूमिका बदलते!

किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातून जाण्याची पात्रता ठरलेली आहे: २० मीटरपेक्षा कमी लांबीची जहाजं, शिडाची जहाजं, मासेमारी नौका, किंवा त्याच पट्ट्यातल्या बंदराकडे अथवा पायलट स्टेशनकडे येणारं-जाणारं जहाज. लेन सुरक्षितपणे वापरता येत असेल, तर इतरांनी इथून शॉर्टकट मारायचा नाही.

३०० ग्रॉस टन आणि त्यापुढच्या जहाजांनी व्हीएचएफ रेडिओवर हजेरी द्यायची: नैऋत्येला जाणाऱ्यांनी डोव्हर कोस्टगार्डला चॅनल ११ वर, ईशान्येला जाणाऱ्यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ग्री-ने केंद्राला चॅनल १३ वर. जहाजाचं नाव, कॉल साइन, जागा, दिशा, वेग, कुठे निघालात, धोकादायक माल, आणि इंजिन किंवा सुकाणूत बिघाड असल्यास तोही सांगायचा. ब्रिजवर दुरुस्त्या केलेला ताजा चार्ट आणि पॅसेज प्लॅन उघडा असू द्या. उलट्या दिशेने गेलात तर किनाऱ्यावरच्या रडारवर ते दिसतं आणि तक्रार तुमच्या जहाजाचा झेंडा ज्या देशाचा, तिकडे जाते.