काचेच्या टेबलावर माउस चालत नाही? आधी एक कागद घ्या

आमच्याकडे ‘बिघडला’ म्हणून परत येणाऱ्या माउसपैकी बरेचसे काउंटरवर ठेवताच नीट चालू लागतात. ग्राहक म्हणतात, ‘घरी तर कर्सर हलतच नव्हता!’ ते खरंच सांगत असतात. फरक एवढाच की माउस इथे येतो आणि टेबल घरीच राहतं.

माउसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. शेजारचा दिवा टेबलावर तिरपा उजेड टाकतो, त्यामुळे पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीतपणाच्या सावल्या पडतात. कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा त्यांची चित्रं टिपतो आणि आधीच्या चित्राशी ताडून पाहतो. चित्र किती सरकलं त्यावरून कर्सर किती हलवायचा ते ठरतं. त्याला एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर जागा दिसते, म्हणून पॅडवरच्या मोठ्या नक्षीशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्याला कापडाची वीण, कागदाचे तंतू, लाकडाचे बारीक रेघोटे हवे असतात.

साफ काचेत यातलं काहीच नसतं. बहुतेक उजेड आरपार निघून जातो. चकचकीत सनमायका किंवा काळ्या पॉलिशवर वेगळीच गोष्ट घडते. तिरपा उजेड आरशासारखा पलीकडे परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याकडे फारसं काही परत येत नाही. मग कर्सर अडकतो, उड्या मारतो किंवा एकाच दिशेने चालतो. लेझर माउस चकाकीवर पुष्कळदा निभावून नेतो, पण साफ काचेपुढे तोही सहसा हरतो.

काचेखाली कागद किंवा रंगीत चार्ट सरकवण्याचा उपाय खूप जण करून पाहतात आणि तो फसला की माउसला दोष देतात. माउसची भिंग टेबलापासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असते आणि नेमक्या त्याच अंतरावर स्पष्ट पाहते. काच आठ मिलिमीटर जाड असेल, तर कागद तेवढा खाली जातो आणि कॅमेऱ्याला धूसर दिसतो. कागद काचेच्या वरच हवा.

म्हणून आमची विनंती अशी, की माउस आणण्याआधी साधा पांढरा, न चकाकणारा कागद टेबलावर ठेवा आणि त्यावर माउस फिरवा. नीट चालला तर माउस चांगला आहे, दोष पृष्ठभागाचा. ही चाचणी केल्याशिवाय आम्ही माउस बदलून देत नाही. काही जणांना हा हट्ट वाटतो. पण नवा माउस त्याच काचेवर तसाच अडकेल आणि तुमची आणखी एक फेरी वाया जाईल. जास्त डीपीआयचा महागडा माउस घेऊनही हे सुटत नाही. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकल्यावर कर्सर किती पुढे जाईल त्याचं माप. जिथे टिपायलाच काही नाही तिथे ते कामाला येत नाही.

कागदावरही अडचण राहिली तर माउस उलटा करून पाहा. एका हिशेबनीस ग्राहकाचा कर्सर हात न लावताही थरथरत होता आणि हळू सरकवला की मागे राहत होता. कागदावरही तेच. भिंगेच्या खाचेत एक केस आडवा पडला होता. माउस सरकला तरी तो केस प्रत्येक चित्रात जागच्या जागीच दिसे, त्यामुळे सेन्सरचा अंदाज चुकत होता. आम्ही तो चिमट्याने काढला आणि माउस लगेच सुधारला.

हे तुम्हीही करू शकता. माउसची केबल किंवा बॅटरी काढा, खाचेत हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण चिकटतात. डाग उरला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अजिबात नको. भिंग प्लास्टिकची असते, ती पांढुरकी पडली की माउस वाचत नाही. त्याच वेळी खालचे गुळगुळीत पायही पुसा. तिथे मळ साचला किंवा ते झिजले तर माउसची उंची बदलते, आणि अडीच मिलिमीटरच्या हिशेबात तेवढंही पुरेसं असतं. नवा माउस असेल तर सेन्सरवरचं संरक्षक स्टिकर काढलं आहे ना, तेही बघा.

काचेवर कायम काम करायचं असेल तर बारीक विणीचं, साध्या रंगाचं, खाली रबर असलेलं कापडी पॅड पुरतं. रबरामुळे ते काचेवरून घसरत नाही. छायाचित्र छापलेलं गुळगुळीत प्लास्टिकचं पॅड घेऊ नका, त्यावर पुन्हा चकाकीचाच त्रास होतो. काचेवरही चालणारे खास सेन्सरचे माउस मिळतात, पण त्यांना साधारण चार मिलिमीटर किंवा त्याहून जाड काच लागते. दोन्ही आमच्याकडे आहेत, आणि पहिला सल्ला आम्ही पॅडचाच देतो.

माउस आणाल तेव्हा टेबलाच्या पृष्ठभागाचा जवळून काढलेला फोटो दाखवा आणि कागदावर काय झालं ते सांगा.