दुसऱ्यांदा कोण मागतंय?

रस्त्यात एका मुलानं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनींना गाठलं. स्काउटच्या सर्कशीचं तिकीट घ्याल का, पाच डॉलरला एक? चाल्डिनी नको म्हणाले. "मग निदान चॉकलेट तरी घ्या, एका डॉलरला एक." त्यांनी दोन घेतली. गंमत म्हणजे त्यांना चॉकलेट आवडत नव्हतं.

असं का झालं, ते त्यांनी प्रयोगानं तपासलं आणि 1975 साली प्रसिद्ध केलं. बालसुधारगृहातल्या मुलांना दोन तास प्राणिसंग्रहालय दाखवायला न्याल का, असं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना थेट विचारलं, तेव्हा शंभरातले सतराजण तयार झाले. दुसऱ्या गटाला आधी विचारलं, की दर आठवड्याला दोन तास, अशी दोन वर्षं या मुलांना विनामोबदला मार्गदर्शन कराल का? कुणीच तयार झालं नाही. लगेच प्राणिसंग्रहालयाचं विचारलं, तर निम्मे हो म्हणाले.

मोठ्या मागणीपुढे छोटी किरकोळ वाटते, एवढंच असेल? मग दुसरी मागणी कुणीही केली तरी चालायला हवं. पण वेगळ्या माणसानं विचारलं, तेव्हा होकार थेट विचारण्यापेक्षाही कमी आले. म्हणजे इथे घासाघिशीचा नियम चालतो: भाजीवाली पाच रुपये उतरली की आपणही थोडं वर सरकतो. जो उतरला, त्याच्याचसाठी, आणि तिथल्या तिथे.

दारात पाय घालून ठेवणाऱ्या विक्रेत्याची युक्ती नेमकी उलट आहे: आधी छोटं मागायचं, मग मोठं. 1966 साली फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात घरोघरी विचारणा केली: 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? साधारण 17 टक्के लोक हो म्हणाले. पण ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी सुरक्षित वाहनचालनाची तळहाताहून लहान पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले 76 टक्के तयार झाले. दुसऱ्यांदा आलेला माणूस वेगळा होता, तरी काही बिघडलं नाही. कारण बदल लोकांच्या स्वतःविषयीच्या समजुतीत झाला असावा: आपण अशा कामाला हातभार लावणारे. उलट त्याच माणसानं लगेच दुसरं काही मागितलं, तर लोक वैतागतात. 1999 च्या एका अभ्यासात ही युक्ती अशीच अंगलट आली. आपल्याकडे म्हणतातच, बोट दिलं की हात धरतो.

टोरांटोत कर्करोग संस्थेसाठी निधी गोळा करताना आदल्या दिवशी फक्त कोटाला बिल्ला लावायला सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी देणगीदार वाढले.

आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या पोरांना हे कुणी शिकवलेलं नाही. "काका, अकराशे लिहू ना?" मी दचकतो. "बरं, 251 लिहितो," असं तोच पोरगा त्याच दमात म्हणतो आणि पावती फाडतो. पुढच्या वर्षी मात्र दुसराच कुणी येतो, जुन्या पावतीपुस्तकातली स्थळप्रत काढतो आणि म्हणतो, "काका, तुम्ही दरवर्षी देता. यंदा 501 करू या?"