लाइन आल्यावर मोटर उलटी फिरत असेल तर: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डीपी बदलली किंवा वादळात तुटलेली लाइन जोडली, की "मोटर चालते, पण पाणी येत नाही, मोटर बाहेर काढायला माणसे पाठवा" असे फोन आमच्याकडे सुरू होतात. अशा वेळी बोअरमधून मोटर काढण्याची घाई ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मोटर बहुतेक वेळा चांगलीच असते आणि केवळ उलटी फिरत असते.

थ्री-फेज मोटर कोणत्या दिशेने फिरेल, हे आर, वाय, बी हे तीन फेज तिच्यापर्यंत कोणत्या क्रमाने पोहोचतात यावर ठरते. यांपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की दिशा उलटते. मात्र तिन्ही वायरी एकेक जागा पुढे सरकवल्या तर क्रम तोच राहतो आणि मोटरही पूर्वीसारखीच फिरते. नुसती वीज जाऊन आल्याने हा क्रम बदलत नाही. तो बदलतो मधल्या काळात डीपीवर, खांबावर किंवा तुमच्या सर्व्हिस वायरवर कोणीतरी जोडणी सोडून पुन्हा केली असेल तेव्हा. टेस्टर तिन्ही फेजवर लागतो, व्होल्टेज बरोबर असते, अँपिअर मीटरही बहुधा काही वावगे दाखवत नाही, त्यामुळे दोष पंपातच आहे असा समज होतो. उलटा फिरणारा पंपही थोडे पाणी देतो, पण पाइपच्या तोंडाशी नेहमीचा जोर नसतो.

म्हणून सर्वप्रथम त्याच डीपीवरच्या शेजाऱ्यांना विचारावे. सर्वांच्या मोटरी उलट्या फिरत असतील तर क्रम डीपीवर किंवा लाइनवर बदलला आहे, आणि तो लाइनमनला सांगून तिथेच दुरुस्त करून घेणे योग्य. तुम्ही आपल्या स्टार्टरवर वायरी बदलल्या आणि दोन दिवसांनी लाइनमनने डीपीवर क्रम सुधारला, तर तुमची मोटर पुन्हा उलटी फिरेल. फक्त तुमचीच मोटर उलटी असेल तर बदल खांबापासून स्टार्टरपर्यंतच्या वायरीत आहे.

मोनोब्लॉक असेल तर क्षणभर चालू करून बंद करावा आणि थांबत आलेला पंखा अंगावरच्या बाणाच्या दिशेने फिरतो का ते पाहावे. सबमर्सिबलमध्ये असे काही दिसत नसल्याने एका दिशेने पाणी किती येते ते पाहावे, मोटर बंद करून पाइपमधले पाणी उतरेपर्यंत पाचेक मिनिटे थांबावे, मग दोन वायरी बदलून पुन्हा पाहावे. ज्या दिशेने पाणी जास्त, ती दिशा बरोबर. मोटर फिरतच नसेल आणि नुसती गुणगुणत असेल, तर एक फेज गेलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी ती लगेच बंद करावी.

वायरी बदलण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, किटकॅट काढावेत आणि टेस्टरने खात्री करावी. बदल स्टार्टरच्या येणाऱ्या बाजूलाच करावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींना हात लावू नये, कारण तिथे जोडी चुकली तर वाइंडिंग जळू शकते.

वरुडकडच्या एका संत्राबागेत डीपी बदलल्यावर साडेसात एचपीच्या मोटरचे पाणी अचानक निम्म्यावर आले आणि मालकांनी चेनपुली, मजूर असे सर्व ठरवूनच आम्हाला बोलावले. आमच्या माणसाने आधी शेजारच्या दोन बोअरची चौकशी केली, तिथले पाणी व्यवस्थित होते. नव्या डीपीवरून येणारी सर्व्हिस वायर जोडताना दोन टोके बदलली गेली होती. मेन स्विचच्या खाली ती दोन टोके अदलाबदल करताच पाइप पूर्वीच्या जोराने वाहू लागला. मोटर न काढताच काम झाले, तरी तपासणीचे शुल्क आम्ही घेतले, आणि त्याबद्दल कुरकुर झाली. दिशा तपासल्याशिवाय मोटर न काढण्याचा आमचा नियम ग्राहकाच्याच खर्चाचा विचार करून केलेला आहे, एवढेच आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो.

ज्यांच्याकडे ऑटो स्विच आहे, त्यांनी विशेष काळजी घ्यावी. रात्रीच्या पाळीत लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि उलटी असल्यास कोणाच्या लक्षात न येता सकाळपर्यंत तशीच चालते. काही पंपांत यामुळे आट्यांवर बसवलेला इम्पेलर सैल होण्याचा धोका असतो. आम्ही बसवतो त्या पॅनलमध्ये फेजचा क्रम ओळखणारा रिले असतो. क्रम चुकला तर तो मोटर सुरूच होऊ देत नाही. "पॅनल बिघडले" म्हणून तो रिले बायपास करू नये. डीपीवर काम झाले होते का, हे आधी विचारावे. जुन्या पॅनलमध्येही असा रिले आम्ही बसवून देतो.

फोन करताना मोटर किती एचपीची आहे, स्टार्टर कोणता आहे, लाइनवर काय काम झाले आणि शेजाऱ्यांच्या मोटरी कशा चालत आहेत, एवढे सांगावे, म्हणजे माणूस पाठवण्याची गरज आहे की नाही हे आम्हाला फोनवरच सांगता येईल.