रावेरचं एकच पार्टिशन का अडकतं?

"स्क्यू आला की `spark.sql.shuffle.partitions` २०० वरून २००० करायचं, मुलाखतीत एवढं सांगितलं तर चालेल ना?"

नाही चालणार. शफलमध्ये ओळ कुठे जाणार हे तिच्या की-च्या हॅशवर ठरतं, म्हणून एकाच की-च्या सगळ्या ओळी एकाच पार्टिशनमध्ये पडतात.

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या केळी-खरेदीच्या १० कोटी ओळी आहेत, त्यातल्या ६ कोटी रावेरच्या. फुगलेली पार्टिशन आपोआप फोडणारी Spark ची AQE सोय बंद असताना तालुक्यावर जॉइन केलं, तर पार्टिशन २०० असोत की २०००, त्या ६ कोटी एकाच टास्कच्या गळ्यात पडतात. बाकीचे टास्क केव्हाच मोकळे होतात. Spark UI मध्ये त्या स्टेजचा Shuffle Read बघा: Median जेमतेम आणि Max अवाढव्य, तर स्क्यू पक्का. आकडा वाढवण्याचा फायदा वेगवेगळ्या की एका पार्टिशनमध्ये दाटल्या असतील तेव्हाच होतो.

मग उपाय? आधी दुसरं टेबल किती मोठं आहे ते विचारा. तालुकावार दरांचं चिमुकलं टेबल असेल तर ब्रॉडकास्ट करा, मोठ्या टेबलाचं शफलच टळतं. तेही मोठं असेल तर सॉल्टिंग: खरेदीच्या ओळींना ० ते ९ मधला कुठलाही आकडा जोडायचा, दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक ओळीच्या त्याच आकड्यांसह १० प्रती करायच्या आणि तालुका व आकडा दोन्हींवर जॉइन करायचं. रावेरचे साधारण ६० लाखांचे १० वाटे पडतात. दुसरी बाजू मात्र दहापट फुगते, म्हणून सॉल्ट फक्त रावेरलाच लावणं मला जास्त पटतं.

"कॅशे करू" हेही उत्तर नव्हे. कॅशेमुळे वाटणी बदलत नाही. जॉइनचा निकाल पुढे दोन-तीन ॲक्शनना लागणार असेल, तरच तो कॅशे करा.