"दहा सेकंदांपेक्षा कमी गाणं वापरलं की कॉपीराईट लागत नाही ना?"

नाही हो, असा सेकंदांचा नियम कायद्यातही नाही आणि यूट्यूबवरही नाही. तिथली कंटेंट आयडी सिस्टीम तुमच्या ऑडिओचा ठसा कंपन्यांनी दिलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघते, त्यामुळे छोटा तुकडाही सापडतो. माझंच बघा, तुळशीबागेत खरेदीचा व्हिडिओ काढला, मी गाणं लावलंच नव्हतं, मागे एका दुकानाच्या स्पीकरवर वाजत होतं तेवढं आठेक सेकंद आलं आणि क्लेम बसला. क्लेम म्हणजे स्ट्राईक नाही, घाबरू नका, बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात इतकंच. यूट्यूब स्टुडिओत जाऊन `Mute song` केलं, थोडा वेळ प्रोसेसिंग चाललं आणि क्लेम सुटला, पण त्यात दुकानदाराशी केलेली घासाघीसही थोडी दबली, तीच तर मजा होती!

आता मी अपलोड करताना `Checks` पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ प्रायव्हेटच ठेवतो. म्युझिक यूट्यूब स्टुडिओच्याच ऑडिओ लायब्ररीतून घेतो, तिथे फिल्टरमध्ये `Attribution not required` निवडायचं, नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्सचा ट्रॅक असेल तर तिथली क्रेडिटची ओळ जशीच्या तशी डिस्क्रिप्शनमध्ये टाकायची. आणि सर्चमध्ये नुसतं "नो कॉपीराईट" लिहिलेलं काहीतरी उचलू नका, ते अपलोड करणारा मालक असेलच असं नाही. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट असंही नाही, कधी एकदाच पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं, त्याची पावती जपून ठेवा, क्लेम आला तर डिस्प्यूटमध्ये तीच कामाला येते.