शिक्षकांचा चष्मा: प्रोग्रेसिव्ह की ऑफिस लेन्स?

चष्म्याच्या दुकानात ट्रेमध्ये शेजारीशेजारी ठेवल्या तर या दोन काचा ओळखू येत नाहीत. दोन्हींवर रेघ नाही, दोन्हींत नंबर वरून खाली हळूहळू बदलतो आणि दोन्ही चाळिशी लागलेल्यांसाठीच आहेत. त्यामुळे 'बिनरेघेची काच हवी' एवढंच सांगितलं की समोरचा माणूस दोन्हींपैकी कुठलीही देऊ शकतो. बँकेत किंवा तहसील कचेरीत खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचं त्याने फारसं बिघडत नाही. वर्गात उभं राहून शिकवणाऱ्याचं मात्र पहिल्याच तासाला बिघडतं.

फरक काचेच्या वरच्या भागात आहे. प्रोग्रेसिव्हमध्ये सरळ समोर बघताना तुमचा पूर्ण लांबचा नंबर मिळतो आणि तिथून खाली वाचनाच्या नंबरापर्यंत उतरत जातो. ऑफिस लेन्स उलट्या बाजूने बनते. खालचा वाचनाचा नंबर पाया धरायचा आणि वर जाताना त्यातून थोडाच कमी करायचा. हा जो कमी केलेला भाग, त्याला डिग्रेशन म्हणतात. तो बहुतेक वेळा लांबच्या नंबरापर्यंत पोचतच नाही, कारण ही काच टेबल, संगणक आणि समोरच्या खुर्चीतला माणूस एवढ्यासाठीच असते.

सांगलीत विश्रामबागेजवळच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणाऱ्या बाईंचं उदाहरण घेऊ. वय बावन्न, राहायला मिरजेला, रोज स्कूटीवरून ये-जा. दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर +१.००, वाचनासाठी ॲड २.००, म्हणजे जवळचा नंबर +३.००. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं, "बाई, तुमचं काम सगळं चार भिंतींच्या आत. ऑफिस लेन्स घ्या, रुंद दिसतं, मानही अवघडत नाही." त्यांनी घेतली. आठवड्याने माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार एकच होती, "अहो, मागच्या बाकावर कोण बसलंय ते कळतं, पण तो पुस्तकात बघतोय की बाकाखाली मोबाइलमध्ये, ते काही कळत नाही."

काच मोजली. खाली +३.००, वर +१.७५, म्हणजे डिग्रेशन १.२५. बाईंना लांबचं बघायला +१.०० पुरतो, म्हणजे वरच्या भागातही पाऊण नंबर जास्त शिल्लक होता. जास्तीचा नंबर किती अंतरापर्यंत स्पष्ट दाखवेल ते काढणं सोपं आहे: एकाला त्या नंबराने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. एक भागिले पाऊण म्हणजे साधारण १.३ मीटर. त्यापलीकडचं सगळं हळूहळू धूसर. पहिला बाक बहुधा दोन मीटरवर, शेवटचा सहा-सात मीटरवर. ओळखीचा चेहरा एवढ्या धूसरपणातही ओळखू येतो, पण नजर कुठे आहे ते दिसत नाही, आणि वर्ग सांभाळताना नेमकं तेच लागतं. शिवाय ही काच घालून स्कूटी चालवायची नाही. ऑफिस लेन्सवर गाडी चालवू नका, हे विकणाऱ्याने न विचारता सांगायला हवं. बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

चार मीटरपर्यंत दाखवणाऱ्या ऑफिस लेन्सही मिळतात. त्यात वर पाव नंबरच जास्त राहतो. शिकवणीच्या छोट्या खोलीला त्या चालून जातात. पंचवीस फुटांच्या वर्गाला आणि रस्त्याला नाही.

आता फळा. ऑफिस लेन्सच्या बाजूने नेहमी हाच मुद्दा पुढे केला जातो: फळ्यावर लिहिताना फळा हातभर अंतरावर असतो, तोही डोळ्यासमोर किंवा डोळ्याच्या वर, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये तिथे लांबचा नंबर येतो. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. फळ्यावरचं अक्षर मागच्या बाकासाठी लिहिलेलं असतं, चार-पाच सेंटिमीटर उंचीचं. अर्ध्या मीटरवरून ते इतकं मोठं दिसतं की लांबच्या नंबरातून थोडं मऊ दिसलं तरी लिहायला काही अडत नाही. लिहून झाल्यावर शिक्षक दोन पावलं मागे येऊन बघतोच, तेव्हा ते स्वच्छ दिसतं. भूमितीच्या सरांना लाकडी कोनमापकावरचे आकडे वाचताना हनुवटी थोडी उचलावी लागेल, तेवढंच. खडूच्या फळ्यासाठी वेगळी काच लागत नाही.

खरी परीक्षा टाचणाची. टाचण वही टेबलावर उघडी, बाई उभ्या, म्हणजे डोळ्यापासून वही साधारण सत्तर सेंटिमीटरवर. अक्षर बारीक, स्वतःच्याच हातचं, वर घाईत केलेल्या खुणा. एक नजर वहीवर, पुढचं वाक्य वर्गाकडे बघून, पुन्हा वहीवर. इथे लागतो मधला नंबर, जवळचाही नाही आणि लांबचाही नाही. जुन्या बायफोकलची, मग ती क्रिप्टॉक असो की डी, इथेच पंचाईत होते. दोनच्या ॲडने खालची फाक पन्नास सेंटिमीटरपर्यंत दाखवते, वरचा भाग या वयात मीटरभरापलीकडून उपयोगी, आणि वही नेमकी मधल्या फटीत.

प्रोग्रेसिव्हमध्ये मधला नंबर असतो, पण त्याची पट्टी अरुंद. नंबर खाली जितक्या वेगाने वाढतो त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला विकृती वाढते. हा काचेच्या भूमितीचा नियम आहे, महाग काच घेऊन तो टळत नाही, बाजूचा धूसरपणा जरा बरा वाटून घेता येतो इतकंच. लांबच्या नंबरापासून वाचनाच्या नंबरापर्यंतचा उतार म्हणजे कॉरिडॉर. बाईंच्या ॲडला तो चौदा मिलिमीटरचा घेतला, तर ढोबळ हिशेबाने मधली स्वच्छ पट्टी काचेवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास भरते. सत्तर सेंटिमीटरवर ती सुमारे नऊ सेंटिमीटर होते, म्हणजे टाचण वहीच्या पानाची जेमतेम निम्मी रुंदी. ओळ वाचायला डोळा नाही, डोकं फिरवावं लागतं. अठराचा कॉरिडॉर घेतला तर पट्टी अकरा-बारा सेंटिमीटरवर जाते. त्यांच्या ऑफिस लेन्समध्ये हाच हिशेब वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, सबंध पान एका नजरेत. दुकानदार 'रुंद दिसतं' म्हणाला ते खोटं नव्हतं. ती रुंदी मागच्या बाकाच्या बदल्यात मिळते, एवढं मात्र तो बोलला नाही.

म्हणून वर्गासाठी प्रोग्रेसिव्ह, पण लांब कॉरिडॉरची, असं मी बाईंना सांगितलं. लांब कॉरिडॉरला उंच फ्रेम लागते. बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या काठापर्यंत निदान बावीस-चोवीस मिलिमीटर जागा हवी, नाहीतर वाचनाचा भाग कापला जाऊन कचऱ्यात जातो. हल्लीच्या पट्टीसारख्या बारीक फ्रेममध्ये हे बसतच नाही. फ्रेम आधी आवडली आणि काच मागून त्यात कोंबली, अशा चष्म्यांच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात.

दुसरी गोष्ट मापाची. काचेवर बाहुलीच्या जागेची खूण बहुतेक दुकानांत गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेलं असताना करतात. बसल्यावर पाठ थोडी वाकते, हनुवटी वर जाते. शिक्षक दिवसभर उभा असतो, तेव्हा खूण उभं राहूनच करून घ्यावी, नजर सरळ दूर ठेवून. खूण दोन-तीन मिलिमीटर वर गेली तर वर्ग धूसर दिसतो आणि माणूस हनुवटी छातीकडे दाबून बघू लागतो. खाली गेली तर वर्ग छान दिसतो, पण टाचणासाठी मान मागे टाकावी लागते. नव्या चष्म्यात मान कुठल्या बाजूला दुखते यावरून खूण कुठे चुकली ते बऱ्याचदा सांगता येतं.

प्लॅटफॉर्मवरून उतरताना मात्र सांभाळून. प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागातून पायाजवळची कड धूसर आणि सरकल्यासारखी दिसते, कारण पाय दीड मीटरवर आणि त्या भागातला नंबर चाळीस सेंटिमीटरचा. पहिले काही दिवस उतरताना डोळे नाही, मान खाली घालायची. माप बरोबर असेल तर दोन आठवड्यांत हे अंगवळणी पडतं. त्यानंतरही पडलं नाही तर सवयीचं कारण ऐकून घेऊ नका, माप पुन्हा तपासायला लावा.

बाईंची ऑफिस लेन्स वाया गेली नाही. पेपर तपासायला, गुणपत्रकं भरायला, शाळेच्या ऑनलाइन नोंदी करायला ती स्टाफरूमच्या कपाटात राहते. गठ्ठा चाळीस सेंटिमीटरवर, गुणांची यादी त्याच्या पलीकडे, संगणक साठ-सत्तरवर. तीन तास सलग तपासायचे असतील तर प्रोग्रेसिव्हपेक्षा ती कितीतरी बरी. ज्यांना एकच चष्मा परवडतो त्यांनी प्रोग्रेसिव्हच घ्यावी आणि संगणकाचा पडदा थोडा खाली ठेवावा.

खडूच्या फळ्याबद्दल वर म्हटलं ते डिजिटल बोर्डाला लागू पडत नाही. त्यावरची चिन्हं बारीक, अंतर हातभर, आणि त्या चिन्हांची पट्टी पडद्याच्या वरच्या टोकाला असली तर प्रोग्रेसिव्हवाला मान मागे टाकून थकतो. बहुतेक बोर्डांवर ती पट्टी ओढून खाली किंवा बाजूला आणता येते. तेवढ्यासाठी काच बदलू नका.

ॲड अजून १.०० च्या आसपास असेल, म्हणजे चाळिशी नुकतीच लागलेली, तर हा सगळा घोळ निम्म्याहून कमी होतो. प्रोग्रेसिव्हची मधली पट्टी त्या नंबरात पुरेशी रुंद असते. आणि ज्यांचा लांबचा नंबर उणे दोनच्या आसपास आहे, त्यांना चष्मा काढून पेपर तपासता येतात. अशांना दुसऱ्या चष्म्याचा खर्च सांगणाऱ्याला आधी कारण विचारा.

चष्मा हातात आला की पैसे देण्याआधी दुकानाच्या दारात उभं राहायचं आणि मान सरळ ठेवून रस्त्यापलीकडची पाटी वाचायची. धूसर दिसली आणि हनुवटी खाली दाबूनही स्वच्छ झाली नाही, तर हातात बहुधा ऑफिस लेन्स आली आहे. दाबल्यावर स्वच्छ झाली तर काच बरोबर, पण खूण वर बसली आहे. मग काचेचं पाकीट मागायचं. प्रोग्रेसिव्ह असेल तर त्यावर लांबचा नंबर आणि ॲड लिहिलेली असते. टाचण वही पिशवीत घेऊनच जा. ती काउंटरवर उघडी ठेवून, उभं राहून, एक ओळ वहीतली आणि एक पाटीवरची अशी आळीपाळीने वाचून बघा. दुकानदार घाई करत असेल तर करू द्या.