उलटवून जुळलं म्हणजे बरोबर?

"कन्नड नोटिशीचं मोबाइलवर मराठी केलं, मग तेच परत कन्नडमध्ये उलटवलं. मूळ शब्द जसेच्या तसे आले. आता काय तपासायचं?"

बेळगाव-खानापूरकडे ही युक्ती कुणालाही सुचेल, पण ती नेमकी आपल्या दोन भाषांत फसते. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे शंका, मराठीत अंदाज किंवा निष्कर्ष. यंत्राने 'अनुमान' तसाच ठेवला, तर उलटवताना 'अनुमान'च परत येणार. शब्द जुळला, अर्थ मात्र हुकला.

म्हणून पडताळणी मुळाशीच करायची, आणि आधी नकार शोधायचा. 'इल्ल', 'बेड', 'बारदु' सहज सापडतात. अवघड असतो तो क्रियापदाच्या पोटात दडलेला नकार. समजा, नोटिशीत आहे: 'हदिनैदु दिनगळोळगे कट्टदिद्दरे दंड', म्हणजे 15 दिवसांच्या आत न भरल्यास दंड. यातला 'द' निसटून 'कट्टिद्दरे' वाचलं गेलं, की 'भरलं असल्यास दंड' होतं! असं विचित्र वाक्य निदान खटकतं तरी. 'बारदु' ऐवजी 'बहुदु' वाचलं गेलं, तर 'भरू नये' चं 'भरता येईल' होतं, आणि ते वाचताना कुणालाच खटकत नाही.

मग आकडा. इथे तो अक्षरी आहे, त्यामुळे मराठीत 15 च आलेत का ते बघा, आणि 'ओळगे'चं 'आत' झालंय की 'नंतर', तेही. कन्नड वाचता येत नसेल, तर शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोराकडून एवढे तीन शब्द वाचून घ्या: आकडा, क्रियापद, मुदत.